चौकोनी खिशाचा कोपरा: एका तिरप्या रेघेचं काम

नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या घरी शिवणाचा क्लास चालतो. नवीन आलेल्या बायका दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हमखास एकच मागणी करतात, "ताई, कुर्त्याला खिसा लावायला शिकवा." मोबाईल ठेवायला जागा नाही, किल्ली हातात धरावी लागते, तक्रार अगदी खरी आहे. वरून लावायचा चौकोनी खिसा दिसायला सोपा वाटतो. चार बाजू दुमडल्या आणि तीन बाजूंनी टीप मारली की झालं, असं वाटतं. पण शिवून झाल्यावर खालचे दोन कोपरे जाड गोळ्यासारखे दिसतात, त्यातून दोरे बाहेर डोकावतात आणि टीप कोपऱ्यावर येऊन वाकडी होते. नेमके हे दोन कोपरे आणि ती टीप, एवढंच इथे सविस्तर सांगणार आहे.

कोपरा जाड का होतो ते आधी बघा. उजवी बाजू आत दुमडली, मग खालची बाजू आत दुमडली, की कोपऱ्यातल्या अर्ध्या इंचाच्या चौकोनात खिशाच्याच कापडाचे चार थर एकावर एक येतात. त्याखाली कुर्त्याचा पाचवा. बाजूला, दोन बोटांवर, फक्त तीन थर असतात. मशीनचा फूट तिथून चढतो, तिरपा होतो आणि टाका लहान-मोठा पडतो. म्हणजे कोपरा आणि टीप ही दोन वेगळी दुखणी नाहीत. कोपऱ्यातलं जास्तीचं कापड तिरप्या शिलाईने काढून टाकलं तर तिथेही जवळपास तीनच थर उरतात आणि टीप आपोआप निम्मी सुधारते. कोपऱ्याच्या टोकातून आत ४५ अंशात जाणारी एक तिरपी रेघ मनात धरा. ही रेघ आपल्याला दोनदा लागणार आहे, एकदा कोपरा शिवताना आणि एकदा वरून टीप मारताना.

माप आणि कापड

उदाहरण म्हणून एकच खिसा धरू. तयार खिसा ६ इंच रुंद आणि ७ इंच उंच. एवढ्यात मोठा मोबाईल उभा बसतो. दोन्ही बाजूंना आणि खाली अर्धा-अर्धा इंच माया, आणि वर तोंडाशी दीड इंच, त्यातला अर्धा इंच आत मुडपायला आणि एक इंच पट्टीला. म्हणजे तुकडा ७ इंच रुंद आणि ९ इंच उंच कापायचा. उंची कापडाच्या उभ्या धाग्यावर घ्या. आडवा धागा उंचीला घेतला तर मोबाईलच्या वजनाने खिसा खाली लोंबतो.

पहिल्या खिशासाठी साधं, मध्यम जाडीचं सुती कापड घ्या. कुर्त्याचंच उरलेलं असेल तर उत्तम, नाहीतर गांधीबाग किंवा इतवारीतून एखादा कटपीस आणा. नवं सुती कापड आणलं की आधी रात्रभर पाण्यात भिजवा. त्यातली खळ निघून जाते आणि जे काही आकसायचं ते आधीच आकसतं. कुर्ता धुतलेला आणि खिसा कोरा असेल तर पहिल्या धुण्यानंतर खिसा आवळतो आणि भोवतीचा कुर्ता चुण्या धरतो. मग टीप कितीही सरळ मारलेली असो, ती वाकडीच दिसते. सिल्क, जॉर्जेट, होजियरी सध्या बाजूला ठेवा. जाड डेनिमला हा कोपरा करता येतो, पण नवशिक्या हाताने करू नये. तिथे गोल कोपरा बरा.

तुकडा सरळ कापल्यावर त्याच्या उलट्या बाजूला पेन्सिलने तयार खिशाचा चौकोन आखा. दोन्ही बाजूंनी अर्धा इंच आत, खालून अर्धा इंच वर, वरून दीड इंच खाली. हा ६ बाय ७ चा चौकोन म्हणजे आपला नकाशा. पुढचं सगळं माप याच रेघांशी ताडून बघायचं, नुसत्या कापडाच्या कडेवर विसंबायचं नाही. असं का, ते सांगते, कारण त्याची किंमत मी मोजलेली आहे.

बरीच वर्षं झाली, एका ओळखीच्या बाईंच्या दोन कुर्त्यांचे चार खिसे मी कापले आणि कडांना इंटरलॉक करायला एका दुकानात दिले. तिथल्या मशीनच्या पात्याने कडेचं एक सूत कापड उडवलं. मला कळलंच नाही. मी नेहमीसारखं कडेपासून एक इंच मोजून कोपरे शिवले आणि उलटवून बघते तर आठही कोपरे टोकाला चपटे, कुणीतरी कापून टाकल्यासारखे. माया अर्ध्या इंचाची उरलीच नव्हती, तीन सूत उरली होती, आणि मी मात्र अर्ध्या इंचाचा हिशेब करत होते. सगळं उसवून पुन्हा केलं. तेव्हापासून आधी रेघा, मग इंटरलॉक. आणि दुकानात देताना सांगायचं, "कापड कापू नका, नुसतं कडेवरून घ्या." इंटरलॉक दोन बाजूंना आणि खालच्या कडेला लागतं. वरची कड आत मुडपली जाते, तिला नको.

(आठ सूत म्हणजे एक इंच, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमच्याकडे शिवणात बारीक माप सुतातच बोललं जातं आणि मला ते सोयीचं वाटतं. पाव इंच म्हणजे दोन सूत.)

आधी तोंड

खिशाच्या तोंडाकडची पट्टी आधी करून घ्यायची. वरची कड उलट्या बाजूला अर्धा इंच दुमडा आणि इस्त्री फिरवा. मग तोंडाच्या रेघेवर ती पट्टी सुलट्या बाजूवर पालथी दुमडा, म्हणजे सुलटं सुलट्याला लागेल. दोन्ही टोकांना बाजूच्या रेघेवर, पट्टीच्या एक इंच उंचीपुरती उभी टीप मारा. टोकाची माया छाटून दोन सूत ठेवा, वरच्या कोपऱ्यातला त्रिकोण उडवा आणि पट्टी उलटवून आत घ्या. वरचे दोन कोपरे झाले. बाजूची माया पट्टीच्या खाली आपोआप आत वळायला तयार होते.

आता सुलट्या बाजूने तोंडापासून सात सूत खाली खडूची रेघ मारून त्यावर टीप घ्या. आतली मुडप एक इंचावर संपते, त्यामुळे सात सुतावरची टीप तिला नेमकी पकडते.

खालचा कोपरा, अगदी जवळून

तुकडा उलटा ठेवा. खालचा एक कोपरा तुमच्याकडे करा. बाजूची रेघ आणि खालची रेघ जिथे एकमेकींना छेदतात तिथे पेन्सिलने ठळक ठिपका द्या. तयार खिशाचं टोक हेच. आता मायेच्या दुप्पट माप घ्यायचं. माया अर्धा इंच, म्हणून दुप्पट एक इंच. कापडाच्या कोपऱ्यापासून खालच्या कडेवर एक इंचावर एक खूण करा, उभ्या कडेवर एक इंचावर दुसरी. दोन्ही खुणा पट्टीने जोडा. ही रेघ बरोबर ठिपक्यातून गेली पाहिजे. गेली नाही तर समजा, माया कुठेतरी अर्धा इंच नाही. अशा वेळी ठिपका खरा माना. प्रत्येक बाजूला माया किती आहे ते पुन्हा मोजा, त्याची दुप्पट घ्या. माझ्या त्या चार खिशांना तीन सुताची दुप्पट, म्हणजे सहा सूत, घ्यायला हवी होती.

पुढची घडी बहुतेकींना पहिल्यांदा समजत नाही, म्हणून सावकाश वाचा आणि हातात कागदाचा तुकडा घेऊन करून बघा. कापडाचा कोपरा तिरपा दुमडायचा आहे, सुलटी बाजू आत ठेवून. उभी कड उचलायची आणि खालच्या कडेवर अशी आणून ठेवायची की दोन्ही कडा एकमेकींवर बरोबर बसतील आणि कडेवरच्या त्या दोन खुणा एकमेकींना भिडतील. असं केल्यावर घडी कापडाच्या टोकापासून ठिपक्यातून आत जाते. हीच ती ४५ अंशांची रेघ. आणि आपण आखलेली रेघ या घडीला काटकोनात उभी दिसते, घडीवरच्या ठिपक्यापासून कडेवरच्या खुणांपर्यंत. तिची लांबी पाऊण इंचाहून किंचित कमी असते. एवढीच शिलाई आहे.

दोन टाचण्या लावा. मशीनचा टाका लहान करा, दीड-दोन मिलिमीटर. कडेकडून सुरू करून ठिपक्याकडे या. कडेपाशी दोन टाके मागे-पुढे घ्या, पण ठिपक्यापाशी अजिबात मागे येऊ नका. तिथे मागे घेतलेले टाके टोकात गाठ करतात आणि ती गाठ उलटवल्यावर बाहेरून जाणवते. शेवटचा टाका घडीवरून बाहेर जाऊ द्या, तीन बोटं दोरा सोडून तोडा आणि हाताने गाठ मारा.

आता कात्री हातात घेऊ नका. आधी कोपरा उलटवून बघा. खिशाच्या टोकात लग्नपत्रिकेचा एखादा कोपरा घालून बघा. काटकोन जुळला, टोक भरलेलं दिसलं, तर शिलाई बरोबर आहे. टोक चपटं दिसत असेल तर शिलाई ठिपक्याच्या आत, खिशाच्या पोटाकडे गेली आहे. टोकाशी कापड सैल, पिशवीसारखं फुगत असेल आणि सपाट बसत नसेल तर शिलाई ठिपक्याच्या बाहेर, कडेच्या जवळ पडली आहे. दोन्ही दोष उसवून पाच मिनिटांत सुधारतात. कापल्यावर मात्र पहिला दोष सुधारत नाही.

जुळलं की पुन्हा उलटं करून शिलाईपासून दोन सूत ठेवून टोकाकडचा त्रिकोण कापून टाका. घडीजवळ, अगदी टोकाशी, एक सूतच ठेवा. इथे उगाच हात आखडू नका. जास्त माया ठेवली तर तीच आत गोळा होते आणि आपण जो जाडपणा काढायला बसलो तो पुन्हा आत येतो.

मग शिलाई उघडून इस्त्री करायची आहे. कोपरा छोटा असल्यामुळे इस्त्रीचं टोक आत जात नाही, म्हणून न टोकलेली पेन्सिल आतून घाला आणि तिच्यावर शिलाई पसरून इस्त्रीच्या टोकाने दाबा. आमच्या क्लासमध्ये येणाऱ्या एका मावशी आहेत, अर्धं आयुष्य शिवणात गेलंय. कुणी ही इस्त्री टाळून थेट उलटवायला लागलं की त्या लांबूनच म्हणतात, "घाई कायले करून राहिली वो? पयले इस्त्री, मंग बाकी." मी त्यात काही भर घालू शकत नाही. उघडलेली शिलाई म्हणजे माया दोन्हीकडे वाटली जाते. न उघडता उलटवली तर ती एकाच बाजूला जाते आणि कोपरा एकीकडे जाड राहतो.

उलटवताना टोक बाहेर काढायला कात्रीचं टोक वापरू नका. सुती कापडातून ते आरपार जातं. त्याच पेन्सिलीने आतून हलकं ढकला. तरी टोक पूर्ण आलं नाही तर बाहेरून सुईने दोरा किंचित ओढून घ्या, ज्या बाजूच्या विणीत धागा सापडेल त्या बाजूने.

पुठ्ठ्यावर इस्त्री

घरात पडलेली जाड लग्नपत्रिका घ्या. तिच्यावर सोनेरी छपाई नसेल असा भाग हवा, नाहीतर इस्त्रीच्या उष्णतेने ती चमक कापडावर उतरते. बरोबर ६ बाय ७ इंचाचा तुकडा कापा, कोपरे काटकोनी. खिसा आता उथळ डबीच्या झाकणासारखा झालेला असतो. त्यात पुठ्ठा सरकवा. दोन्ही खालचे कोपरे त्याच्या टोकांना जाऊन भिडले पाहिजेत. मग बाजूची माया पुठ्ठ्यावर वळवून इस्त्री दाबा. इस्त्री इकडून तिकडे घासू नका. उचला, ठेवा, दाबा. घासली की कड लाटेसारखी होते.

नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यात हवेत ओल म्हणून नसते आणि सुती कापड पापडासारखं कोरडं होतं. अशा कापडावर इस्त्री फिरवली तरी घडी बसत नाही, पाच मिनिटांत उघडते. म्हणून उन्हाळ्यात घडीवर बोटाने पाणी लावा किंवा ओलसर मलमलचा तुकडा वर टाकून इस्त्री दाबा, पाणी पूर्ण सुकेपर्यंत. मग पुठ्ठा आत तसाच ठेवून गार होऊ द्या. गरम असतानाच पुठ्ठा ओढून काढला तर नुकतीच बसलेली धार मऊ पडते. गार झाल्यावर काढा.

खिशाची जागा

हे मोजून सांगता येत नाही, कुर्ता घालूनच ठरवावं लागतं. कुर्ता अंगात घाला, हात सहज खाली सोडा, मग खिशात हात घालतो तसा कोपरातून वाकवा. जिथे बोटं जातात तिथे तोंड यावं. खिशाची बाहेरची कड बाजूच्या शिलाईपासून दीड-दोन इंच आत असली तर बसताना मोबाईल मांडीच्या मध्ये येत नाही. कुर्ता उतरवून सपाट पसरा, तोंडाची रेघ आडव्या धाग्यावर आखा.

तोंडाच्या दोन्ही टोकांना कुर्त्याच्या आतून एक-एक इंचाचा कापडी चौकोन टाचणीने लावा. सगळा ताण या दोन टोकांवर येतो. पातळ सुती कुर्ता फाटतो तो नेहमी इथेच, आणि टीप मजबूत असेल तर अधिक लवकर फाटतो, कारण टीप तुटत नाही, कापड तुटतं.

खिसा जागेवर ठेवून टाचण्या लावा आणि मग कच्चे टाके घाला. नुसत्या टाचण्यांवर भागवू नका. मशीनचे खालचे दाते कुर्ता पुढे ओढतात आणि वरचा खिसा फुटाखाली मागे राहतो, त्यामुळे तिसऱ्या बाजूला पोचेपर्यंत खिसा एखादं सूत सरकलेला असतो आणि तोंड तिरकं होतं. कच्चे टाके कडेपासून तीन सूत आत घाला. आपली पहिली टीप कडेजवळ येईल, दुसरी दोन सुतांवर, म्हणजे तीन सुतावरचे कच्चे टाके कोणत्याच टिपेखाली अडकणार नाहीत आणि नंतर सहज निघतील.

वरची टीप

दोन टिपा घेऊ. पहिली कडेपासून जेमतेम अर्ध्या सुतावर, दुसरी दोन सुतांवर. टाका तीन मिलिमीटरचा, साध्या शिलाईपेक्षा थोडा लांब. वरून दिसणारा टाका लांब असला की सरळ आणि शांत दिसतो, फार लहान टाका कापडात बुडतो. सुई १४ नंबरची, नवी. दोरा पहिल्या वेळी कापडाच्याच रंगाचा घ्या. वेगळ्या रंगाची टीप फार देखणी दिसते, पण ती प्रत्येक टाक्याचा जाब विचारते.

कापडावर येण्याआधी शाळेची रेघी वही घ्या. सुईतला दोरा काढा आणि वहीच्या रेघेवर नुसत्या सुईने भोकं पाडत जा. काळ्या पायमशीनवर असो की छोट्या इलेक्ट्रिक मशीनवर, प्रत्येक फुटाची रुंदी वेगळी असते, म्हणून पट्टी घेऊन मोजा की सुईपासून दोन सूत अंतर फुटाच्या नेमक्या कुठल्या भागावर येतं. माझ्या मशीनवर ते उजव्या दांडीच्या बाहेरच्या कडेच्या थोडं पुढे येतं, म्हणून मी सुईखालच्या लोखंडी पत्र्यावर कागदी चिकटपट्टी लावून घेतली आहे. खिशाची कड त्या पट्टीला घासत नेली की अंतर आपोआप सारखं राहतं. अर्ध्या सुताच्या टिपेसाठी फुटाच्या उजव्या दांडीची आतली कड बघा. तिन्ही बाजूंना नजर तिथेच ठेवायची, सुईवर नाही. सुई वर-खाली हलते, तिच्याकडे पाहून सरळ जाणं कुणालाच जमत नाही.

आणि आता ती तिरपी रेघ पुन्हा. खिशाच्या खालच्या दोन्ही टोकांपासून आत, ४५ अंशात, अर्धा इंच लांबीची बारीक खडूची रेघ मारा. चौकोनी कागद कोनात दुमडला की ४५ अंशांची पट्टी हातात येते. आत जी तिरपी शिलाई दडलेली आहे तिच्याच वर ही रेघ येईल. टीप बाजूने खाली येताना जिथे या रेघेला भिडेल तिथेच वळायचं, कारण या रेघेवरचा प्रत्येक बिंदू दोन्ही कडांपासून सारख्याच अंतरावर असतो. पहिल्या टिपेचं वळणही याच रेघेवर, दुसऱ्याचंही. त्यामुळे दोन्ही टिपांचे कोपरे एकात एक बसतात आणि अंदाज बांधायची वेळ येत नाही.

सुरुवात वरच्या उजव्या टोकापासून. इथे तोंडाची पट्टी असल्यामुळे जाडी जास्त आहे आणि फुटाची मागची बाजू खाली पातळ कापडावर पडते, म्हणून फूट मागे झुकतो आणि पहिले चार-पाच टाके एकाच जागी गोळा होतात. उपाय सोपा आहे. कातरणीतलं कापड घड्या करून तेवढ्याच जाडीचं करा आणि फुटाच्या मागच्या भागाखाली सरकवा. फूट सपाट बसला की टाका पहिल्यापासून सारखा येतो. मागून कापड ओढू नका, सुई वाकते आणि पत्र्यावर आपटून तुटते. सुरुवातीला दोरे लांब सोडा, मागे-पुढे न करता थेट निघा.

एका लयीत चाला. वेग कमी-जास्त झाला की हात नकळत कापड ढकलतो किंवा अडवतो आणि टाका बदलतो. तिरपी रेघ पाच-सहा टाक्यांवर आली की पाय थांबवा आणि उरलेले टाके हाताने चाक फिरवून घ्या. शेवटचा टाका रेघेवर बरोबर पडेलच असं नाही. अर्ध्या टाक्याचं अंतर उरलं तर टाक्याची लांबी कमी करून दोन छोटे टाके घ्या, पण रेघ ओलांडू नका. एक टाका कमी पडलेला कुणाला दिसत नाही. पुढे गेलेला टाका मात्र कोपऱ्याला शेपूट फुटल्यासारखा दिसतो.

वळताना सुई कापडात असायला हवी हे सगळे सांगतात. पण नेमकी कुठे, ते फार थोडे सांगतात. सुई अगदी तळाला असताना फूट उचलून कापड फिरवलं तर खालच्या हुकाने दोऱ्याचा फास अजून पकडलेला नसतो आणि वळणावरचा टाका सुटतो, कोपऱ्यात एक लांब आडवा दोरा लोंबतो. म्हणून सुई तळाला नेऊन चाक आणखी किंचित फिरवा, सुई वर यायला नुकतीच लागली की थांबा. तेव्हा फास पकडलेला असतो. आता फूट उचला, कापड काटकोनात फिरवा, फूट खाली. आधी खालची कड फुटाच्या त्याच खुणेला जुळली का ते बघा, मगच पाय लावा.

खालची बाजू, दुसरा कोपरा, मग डावी बाजू वर. शेवटचा टाका तोंडाच्या कडेवर संपवा. दुसरी टीप पहिलीच्या शेवटाला जोडून उलटी खाली आणण्याचा मोह होतो, दोरा तोडावा लागत नाही म्हणून. मी तसं करत नाही. एक टीप खाली आणि दुसरी वर गेली की दोघींनी कापड विरुद्ध दिशांना ढकललेलं असतं आणि मधल्या पट्टीत तिरप्या चुण्या उमटतात. पातळ सुतीवर त्या इस्त्रीनेही जात नाहीत. दुसरी टीपही उजव्या टोकापासूनच सुरू करा, त्याच दिशेने, चिकटपट्टीला कड लावून.

मध्येच एखाद्या ठिकाणी टीप अर्धा सूत बाहेर गेली तर ती तशीच पुढे नेऊन हळूहळू परत आणू नका. तिथला बाक कायम दिसत राहतो. सरळ होती तिथपर्यंत उसवा, मागच्या शेवटच्या दोन टाक्यांच्या भोकांतूनच सुई घाला आणि पुढे निघा. सगळी टीप उसवायची गरज नसते.

टीप झाल्यावर चारही टोकांचे दोरे सुईत ओवून कुर्त्याच्या आत काढा, त्या कापडी चौकोनात दोन गाठी मारा. पहिल्या आणि दुसऱ्या टिपेच्या मध्ये, तोंडाच्या कडेवर, हाताने चार-पाच आडवे टाके एकाच जागी घ्या, दोन्ही टोकांना. हाताचे हे टाके मशीनच्या मागे-पुढे टाक्यांपेक्षा स्वच्छ दिसतात आणि ओढ चांगली सहन करतात. कच्चे टाके काढा, खडू झटका. मग जाड टॉवेल पसरून कुर्ता त्यावर पालथा ठेवा आणि इस्त्री उलट्या बाजूने दाबा. सुलट्या बाजूने थेट दाबली तर टिपा चपट्या होतात आणि आतल्या मायेची कड वर चमकून दिसते.